चार हाताला चटके : एका कॅप्शनचे प्रकरण

नागपूरच्या गोकुळपेठ बाजारालगतच्या गल्लीत एक जोडपे मेस चालवते. दुपारी ज्वारीची भाकर, झुणका, एखादी रस्साभाजी. संध्याकाळी पोळ्या आणि वरण-भात. जेवणारे बहुतेक महिनेवारी, त्यामुळे गल्ल्यावर रोख कमी आणि वही जाड. लग्नाला तीस वर्षे होत होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने ठरवले की त्या दिवशी इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला आई-बाबांचा एक फोटो टाकायचा आणि खाली एखादी सगळ्यांना माहीत असलेली ओळ द्यायची.

फोटो चांगला होता. तव्यावर भाकर, तिच्यावर पाणी फिरवणारा आईचा हात, आणि शेजारी दुसऱ्या शेगडीवर भाकर उलटून थेट आचेवर धरणारे बाबा. चेहरे अर्धेच दिसतात, हात मात्र पूर्ण दिसतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा निर्णय या हातांवरच फिरतो.

ओळ सुचायला वेळ लागला नाही. तवा दिसला की मराठी माणसाला जी ओळ आठवते तीच तिला आठवली :

अरे संसार संसार,
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके,
तव्हा मियते भाकर

पहिल्या मसुद्यात तिने फक्त पहिल्या दोन ओळी घेतल्या. चारही ओळी लांब वाटतील, आणि पुढचे लोकांना पाठच आहे, असा तिचा हिशोब होता. प्रसिद्ध ओळ वापरताना ही चूक सर्रास होते. ओळीचा गाजलेला भाग आणि ओळीचा अर्थ जिथे पूर्ण होतो तो भाग एकच असतो असे नाही. ‘संसार म्हणजे चुलीवरचा तवा’ एवढ्यावर थांबले की उरते ती फक्त होरपळ. त्यात फोटोत बाई तव्यापुढे उभी. वाचणाऱ्याला तीस वर्षांची तक्रार ऐकू येते. आत्याने घरच्या ग्रुपवर लगेच विचारलेही, “काहून वं, वाढदिवशी हे रडगाणं कशाले?”

मग धाकटा भाऊ कामाला लागला. त्याचा मसुदा असा : ‘अरे बिझनेस बिझनेस, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, मग नोटांची भाकर’. हसायला येते, पण दोन ठिकाणी गाडी घसरते. एक तर तोंडात बसत नाही. मूळ कडव्यात प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे. मोजायची रीत सोपी : जोडाक्षर कितीही जड दिसले तरी ते एकच अक्षर. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, आठ. ‘अरे बिझनेस बिझनेस’ मात्र दहा भरते, आणि ज्याच्या कानात मूळ चाल आहे तो तिथेच अडखळतो. दुसरे, ‘नोटांची भाकर’ म्हटले की भाकर खोटी होते. मूळ ओळीतली भाकर कशाचे प्रतीक वगैरे नंतर. आधी ती खरीखुरी खायची भाकर आहे.

भावाने आणखी एक प्रयत्न केला, आणि तो जास्त शिकवणारा आहे : ‘आधी कष्टाचे चटके, मग यशाची भाकर’. अक्षरे मोजा, दोन्ही ओळी आठच्या आठ. ‘भाकर’ शेवटी राहिल्यामुळे ‘चुल्ह्यावर’शी यमकही टिकले. तरीही ओळ मेली. मूळ ओळ चटके आणि भाकर एवढेच सांगते आणि कष्ट, यश हे वाचणाऱ्यावर सोडते. इथे अर्थ बाहेर काढून ओळीलाच चिकटवला. अशा ओळी स्पर्धापरीक्षेच्या क्लासच्या फलकावर दिसतात, कारण त्या कुठल्याही फोटोखाली चालतात. आणि कुठल्याही फोटोखाली चालणारी ओळ या फोटोसाठी निवडण्यात अर्थ नसतो. छंद सांभाळला म्हणजे अर्थ सांभाळला, असे होत नाही.

इथपर्यंत मूळ पाठ कोणीच उघडून पाहिला नव्हता. सगळे आठवणीवर चालले होते. फेरफार करायच्या आधीची ही पायरी, आणि नेमकी हीच गाळली जाते.

या ओळी बहिणाबाई चौधरींच्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात रचलेली गाणी मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी उतरवून घेतली. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. मुलीने शोधलेल्या एका तयार चित्रावर नाव होते ‘संत बहिणाबाई’. त्या निराळ्या. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या, अभंग लिहिणाऱ्या. दोन्ही नावांची ही गल्लत आंतरजालावर इतकी पसरली आहे की, ज्या चित्रावर ती दिसेल त्याचा पाठही विश्वासाने उचलू नये. जिथे नाव तपासले नाही तिथे ओळ तरी कशावरून तपासली असेल? छापील संग्रह वाचनालयात सहज मिळतो. त्यातून ओळ हाताने उतरवून घ्यावी. छापील प्रतींतही ‘चुल्यावर’ आणि ‘चुल्ह्यावर’ असे किरकोळ फरक दिसतात. त्यांतला एक पाठ धरावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

उतरवताना दुसरी ठेच लागली ती ‘मियते’ला. फोनच्या कीबोर्डने ते ‘मिळते’ करून टाकले, आणि मुलीलाही क्षणभर तेच बरोबर वाटले. बोलीतल्या शब्दांना ‘शुद्ध’ करण्याचा मोह शहरात होतोच. पण ही खानदेशातली बोली आहे, तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो, आणि नागपुरात तर हे कानाला परके नाहीच. वऱ्हाडी बोलणारा माणूस पोळ्यांना ‘पोया’ आणि डोळ्यांना ‘डोया’ म्हणतो. ‘मिळते’ केल्याने अक्षरसंख्या बिघडत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. बिघडतो तो बोलणाऱ्या बाईचा आवाज. ‘तव्हा’ तसाच ठेवून ‘मिळते’ लिहिले तर एकाच ओळीत दोन बाया बोलल्यासारखे वाटते. एक शब्द बोलीतला ठेवला तर सगळे ठेवावे.

मूळ पाठ उघडल्याचा खरा फायदा मात्र वेगळाच झाला. तव्याचे कडवे कवितेची सुरुवात आहे. तिच्यापुढे बरीच कडवी आहेत. दुसरे कडवेच असे :

अरे संसार संसार
खोटा कधी म्हनू नही
राउळाच्या कयसाले
लोटा कधी म्हनू नही

म्हणजे कविता संसाराची बाजू घेते. पुढे वेलीवरचा खिरा, म्हणजे काकडी, येतो, तोंडाशी तेवढा कडू, बाकी अवघा गोड. भिलावा, म्हणजे बिब्बा, येतो, ज्याच्या आत गोडंब्याचा ठेवा आहे. वरून काट्यांची शेंग येते, आत गुळगुळीत सागरगोटे. या कडव्यांत रीत तीच : आधी लागणारे वाईट, मग हाती येणारे चांगले. हे कळले की तव्याच्या ओळीतला कोणता शब्द भार उचलतो तेही कळते. तो ‘चटके’ नाही, ‘भाकर’ही नाही. तो आहे ‘तव्हा’. हात भाजला तरी भाकर मिळते असे ही ओळ म्हणत नाही. हात भाजतो तेव्हाच ती मिळते, असे म्हणते.

हे नुसते वाटून घेण्यापेक्षा तपासून पाहता येते. ओळीतला एकेक शब्द झाकायचा आणि उरलेले वाचायचे. ‘आधी’ झाकला : ‘हाताला चटके, तव्हा मियते भाकर’. लय लंगडी झाली, अर्थ उभा आहे. ‘तव्हा’ झाकला : ‘आधी हाताला चटके, मियते भाकर’. आता चटक्यांचा भाकरीशी संबंधच सुटला. भावाच्या ‘मग’मध्येही हीच गळती होती. ‘मग’ नुसता क्रम सांगतो. ‘तव्हा’ क्रमाबरोबर अटही सांगतो. ‘हाताला’ झाकला तर चटके कोणाला हेच कळत नाही. ‘भाकर’ बदलून ‘पोळी’ करावी, कारण मेसमध्ये पोळ्या जास्त लागतात, असे कोणी सुचवले होते. त्याने यमक तर जातेच, पण कामही बदलते. पोळी लाटण्याने लाटतात आणि उलथण्याने उलटता येते. भाकर हाताने थापतात, तव्यावर टाकल्यावर वरून हातानेच पाणी फिरवतात, कडा सुटल्या की बोटांनी उलटतात, आणि सवय झालेला माणूस ती आचेवरून उचलतोही बोटांनीच. चटका हा त्या कामाचाच भाग आहे. म्हणून ‘हात’, ‘चटके’, ‘तव्हा’, ‘भाकर’ हे चार शब्द हलवायचे नाहीत. हलवण्यासारखा उरला एकच : ‘आधी’.

आता फोटोकडे पुन्हा पाहिले. मूळ ओळीत हात एक आहे. फोटोत चार आहेत. मुलीने आधी खाली स्वतःची ओळ जोडली होती : ‘चटके आईच्या हाताला, भाकर साऱ्या गल्लीला’. ऐकायला गोड, पण आईने फोनवरच खोडून काढली. “अन् तुझे बाबा काय हात बांधून उभे राह्यतेत काय? आच तर तेच सांभायतेत.” तिचे म्हणणे खरेच होते, आणि ते फोटोतही दिसत होते. कॅप्शनने फोटोत असलेल्या माणसाला पुसून टाकले तर वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. त्यातून आईच्या त्यागाचा सूर लागला होता तो वेगळाच. मूळ कवितेत तो कुठेच नाही.

‘आधी’ दोन अक्षरांचा. ‘चार’ही दोन अक्षरांचा.

चार हाताला चटके,
तव्हा मियते भाकर

चा-र-हा-ता-ला-च-ट-के : आठ. बदलला फक्त एक शब्द. अट सांगणारा ‘तव्हा’ जागेवर आहे, चटके खऱ्या तव्याचे आहेत, भाकर खरी आहे. दोन माणसांचा संसार ‘चार हात’ एवढ्यात आला. ‘दोघांचा’, ‘साथीने’, ‘जोडीने’ असे काही सांगावे लागले नाही. प्रमाण व्याकरणाने ‘चार हातांना’ हवे, हे खरे. पण बोलण्यात अनेकवचनाचा अनुस्वार असाच गळतो, आणि ‘हातांना’ केले की पुन्हा ‘मियते’च्या शेजारी परका शब्द येऊन बसतो. ‘हाताला’च ठेवला. वाचणाऱ्याला मूळ ओळ ओळखता येते आणि बदल कुठे झाला तेही लगेच दिसते. चांगल्या फेरफारात हे दोन्ही लागते. बदल लपला तर ती चुकीची आठवण ठरते, आणि मूळ लपले तर ओळ उसनी घेतल्याचा उपयोगच काय?

यानंतर अवतरणचिन्हांचा प्रश्न. शब्द न शब्द मूळचा असेल तरच अवतरण लावायचे आणि खाली कवीचे नाव द्यायचे. एक शब्द जरी बदलला तरी अवतरण काढायचे, आणि ‘बहिणाबाई चौधरींच्या ओळीवरून’ असे लिहायचे. हे सोपस्कारापुरते नाही. बदललेल्या ओळीखाली नुसते ‘— बहिणाबाई’ लिहिले तर चार जण ती पुढे पाठवतात आणि सहा महिन्यांत ‘चार हाताला’ हाच मूळ पाठ म्हणून फिरू लागतो. चुकीचे पाठ असेच तयार होतात.

हक्कांचे थोडक्यात. भारतीय कायद्यात साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, आणि कृती मरणोत्तर प्रसिद्ध झाली असेल तर प्रसिद्धीपासून साठ वर्षे. या संग्रहाची मुदत कशीही मोजली तरी संपली आहे. सुरेश भटांच्या बाबतीत तसे नाही. नागपूरकराला तव्याऐवजी भटांची ओळ आठवली असती तर नवल नव्हते, पण ते २००३ मध्ये गेले. त्यांच्या ओळी अजून हक्काखाली आहेत. घरच्या स्टेटसला नावासकट एक ओळ देणे वेगळे आणि ती मोडूनतोडून मेसच्या जाहिरातीवर छापणे वेगळे. शिवाय गझलेचा शेर असा एक शब्द बदलून घेता येत नाही. काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागे तसेच परत येणारे शब्द, ओळीच्या शेवटी अडकलेले असतात. शेवट हलवला की शेर कोसळतो. गझलेचा शेर घ्यायचा तर जसाच्या तसा घ्यावा. गाण्याची चाल मागे लावायची असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क शब्दांपेक्षा वेगळा असतो, हेही लक्षात ठेवावे.

कॅप्शनचा पुढचा भाग मुलीने असा लिहिला होता : ‘तीस वर्षे. एकच तवा.’ आई म्हणाली, “तवा तं तिसरा आहे बापा.” ते काढले. उसन्या ओळीबद्दल आपण जेवढे काटेकोर असतो तेवढे स्वतः जोडलेल्या ओळीबद्दल नसतो, आणि नातेवाईक नेमके तिथेच पकडतात. शेवटी राहिले ते एवढे :

चार हाताला चटके,
तव्हा मियते भाकर.
आई-बाबा, लग्नाची ३० वर्षे.
(बहिणाबाई चौधरींच्या ओळीवरून)

इन्स्टाग्राम कॅप्शनचा सुरुवातीचा साधारण सव्वाशे चिन्हांचा तुकडा दाखवते आणि बाकीचे मिटवून ठेवते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात, त्यामुळे मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो. वरच्या दोन ओळी मधल्या जागांसह तेहतीस-चौतीस चिन्हांत बसतात, म्हणजे मिटण्याचा धोका नाही. हाच मजकूर ‘आज आमच्या आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षे पूर्ण होत आहेत त्यानिमित्त...’ असा सुरू होऊन लांबत गेला असता तर ओळ मिटलेल्या भागात गेली असती. ओळ आधी, प्रसंग नंतर.

स्टेटससाठी तीच ओळ फोटोवर टाकली तेव्हा एक तांत्रिक गोष्ट बिघडली. फोटोवर अक्षरे बसवणाऱ्या अॅपमधला सजावटी फॉन्ट देवनागरीसाठी नीट बनवलेला नव्हता. ‘मियते’मधली वेलांटी ‘म’च्या पुढे जाऊन बसली आणि ‘तव्हा’तला ‘व्ह’ फुटून मध्ये हलन्ताचा पाय लोंबू लागला. असे दिसले की अक्षरे पुन्हा टाइप करून उपयोग नसतो. फॉन्टच बदलावा लागतो. मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी यांत जोडाक्षरे नीट जुळतात. तयार चित्र दुसऱ्या फोनवर उघडून ‘व्ह’ आणि वेलांटी या दोन जागा पाहिल्या की पुरते. अक्षरे तव्याच्या काळ्या भागावर पांढऱ्यात टाकली. भाकरीवर टाकली असती तर हात झाकला गेला असता.

दुसऱ्या फोटोसाठी मात्र काहीच बदलावे लागले नाही. तो गल्ल्याचा होता : बाबा, पेन आणि उधारीची ती जाड वही. कवितेच्या शेवटाकडचे कडवे जसेच्या तसे त्यावर बसले, अवतरणात आणि पूर्ण नावासह :

“देखा संसार संसार
दोन जीवाचा सुधार
कधी नगद उधार
सुखदुखाचा बेपार”

फारसे कोणाला पाठ नसलेले हे कडवे आहे, आणि म्हणूनच महिनेवारीवाल्यांनी त्याखाली जास्त लिहिले. एकाने तर ‘माझे ऑक्टोबरचे बाकी आहे’ असे कबूल केले. गाजलेल्या ओळीला वाकवण्याआधी त्याच कवितेची बाकीची कडवी चाळावीत, ते याचसाठी. कित्येकदा हवी ती ओळ दोन पाने पुढे तयार असते.

बाबांना पुढे ‘चार हाताला’ मेसच्या पाटीवरही हवे होते. तिथे ते चालले नाही. पाटीवर फोटो नाही, त्यामुळे चार हात कोणाचे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायला वाव नाही. आणि मूळ ओळ डोक्यात असलेल्याला ते छपाईची चूक वाटेल. पाटीसाठी मूळ चारही ओळी घेतल्या, ‘आधी हाताला’ असेच ठेवून, खाली ‘बहिणाबाई चौधरी’. रंगाऱ्याला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, आणि ‘मियते’खाली रेघ मारून शेजारी लिहिले : असेच ठेवा.